सड्यावरची जमीन कोणाची? कंपनीच्या कागदांतून खऱ्या ताब्यापर्यंत

राजापूर, देवगड, गुहागर या पट्ट्यात एखाद्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, कुंपणाचे खांब पडले की गावात पहिला प्रश्न एकच असतो : घेतली कोणी? नाणार आणि बारसूच्या रिफायनरी प्रकल्पांच्या काळात हा प्रश्न वाडीवाडीत विचारला गेला. बहुतेक वेळा उत्तर म्हणून सातबारावर एका खाजगी कंपनीचं नाव सापडतं आणि शोध तिथेच थांबतो. खरं तर शोधाची सुरुवात तिथून होते. कंपनीला कायद्याने दरवर्षी कागद दाखल करावे लागतात. ते कागद कोणालाही पाहता येतात आणि नीट लावले तर कंपनीमागचा माणूस बऱ्याचदा दिसतो.

इथे मी एकच उदाहरण शेवटपर्यंत नेणार आहे. ते शिकवण्यासाठी रचलेलं आहे आणि त्यातल्या माणसांना, कंपन्यांना मुद्दाम नावं दिलेली नाहीत. प्रश्न असा : राजापूर तालुक्यातल्या एका सड्यावर नऊ हेक्टर जमीन एका कंपनीच्या नावावर आहे. गावात सांगतात की कंपनी "आपल्याच वाडीतल्या पोराची" आहे. हे खरं आहे का?

आधी सातबारा, मग फेरफार, मग खरेदीखत

सातबारावर आजचा खातेदार दिसतो. तो कसा आला हे फेरफारातून कळतं, म्हणून सातबारावरचे फेरफार क्रमांक उतरवून घ्या आणि एकेक काढा. आपल्या उदाहरणात साडेतीन हेक्टर जमीन आधी त्या पोराच्या स्वतःच्या नावावर आली आणि सव्वा वर्षाने कंपनीकडे गेली. उरलेली थेट कंपनीने घेतली. हा क्रम कोकणात नेहमी दिसतो आणि त्याला कारण आहे. कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. कंपनी शेतकरी नसते, वाडीतला पोरगा मात्र पिढीजात खातेदार असतो. तो या व्यवहारात का आहे, याचा पहिला अंदाज इथेच येतो. पण हा अंदाजच आहे, पुरावा नव्हे.

इंडेक्स टूमध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्यात, घेणारा, देणारा, किंमत आणि तारीख मिळते. पैसे कोणी दिले ते त्यात नसतं. त्यासाठी दुय्यम निबंधकांकडून नोंदणीकृत खरेदीखताची नक्कल घ्या. स्थावर मालमत्तेचे दस्त ज्या पुस्तकात नोंदतात त्याची नक्कल फी भरून कोणालाही मिळते. खतात चेकचा क्रमांक, बँक आणि शाखा सहसा लिहिलेली असते. पोराच्या नावावरच्या खरेदीचा चेक मुंबईतल्या एका शाखेचा निघाला, तर तेवढं वहीत लिहून ठेवा. आत्ता त्यावरून काहीही ठरवू नका.

कंपनीतर्फे सही कोणी केली हेही खतात असतं. पुढे नाव जुळवायला ते लागेल, कारण सातबारावर कंपनीचं नाव मराठीत असतं आणि कंपनी निबंधकांच्या नोंदीत इंग्रजीत. "व्ह्यू", "कोकण", "श्री" अशा शब्दांची स्पेलिंग तीन-चार तऱ्हेने करून पाहावी लागतात. अगदी सारख्या नावाच्या दोन कंपन्याही निघतात, म्हणून सही करणारा त्या कंपनीचा संचालक आहे ना, हे ताडून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. चुकीच्या कंपनीवर महिनाभर घाम गाळण्यापेक्षा हा अर्धा तास स्वस्त पडतो.

ओळखक्रमांक आणि फुकट मिळणारं पान

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर नाव शोधलं की एकवीस अक्षरांचा ओळखक्रमांक मिळतो. त्याचा साचा असा :

```
U 70100 MH 2018 PTC 000000
```

पहिलं अक्षर शेअर बाजारात नोंद आहे की नाही ते सांगतं. `U` म्हणजे नोंद नाही. मग पाच अंकी उद्योगाचा आकडा येतो. २०१८ च्या सुमाराच्या कंपनीत तो ७० ने सुरू होत असेल तर कंपनीने आपला धंदा स्थावर मालमत्तेचा सांगितला आहे. त्यापुढे राज्य, स्थापनेचं वर्ष, प्रकार आणि शेवटी नोंदणी क्रमांक. कंपनीने नाव बदललं तरी क्रमांकावरून ती ओळखता येते, म्हणून वहीत नावापुढे क्रमांक नेहमी लिहा. राज्य बदललं किंवा शेअर बाजारात नोंद झाली तर मात्र हा क्रमांकही बदलतो.

फुकट पानावर नोंदणीकृत पत्ता, भरणा झालेलं भांडवल, शेवटच्या ताळेबंदाची तारीख, संचालक आणि बोजांची यादी मिळते. आपल्या कंपनीचं भांडवल एक लाख रुपये आणि संचालक दोन : वाडीतला पोरगा आणि मुंबईचा एक हिशेबनीस. अनेक जण इथे फसतात. त्या पानावर भागधारकांची नावं नसतातच. संचालक म्हणजे कारभार पाहणारा, आणि तो मालक असेलच असं नाही. "कंपनी अमक्याची आहे, कारण तो संचालक आहे" हे वाक्य कधीही लिहू नका.

शंभर रुपयांत मिळणारे कागद

पोर्टलवर एका कंपनीचे कागद पाहायची फी शंभर रुपये आहे. कागद उघडल्यापासून मोजका वेळच मिळतो, म्हणून वाचत बसू नका. सगळे उतरवून घ्या आणि वाचन नंतर करा. प्रत्येक फाइलच्या नावात दोन तारखा घाला, घटनेची आणि दाखल केल्याची. दोन वर्षं जुनी घटना एका रात्रीत दाखल झालेली दिसली तर त्या रात्रीच्या आसपास काय घडलं, हा स्वतंत्र प्रश्न होतो.

फॉर्म डझनावारी असतात. ताबा शोधायला मी पाचच आधी उघडतो. स्थापनेचं मेमोरँडम, शेअर किंवा रोखे दिल्याचा `PAS-3`, वार्षिक विवरणपत्र `MGT-7` (छोट्या कंपनीचं `MGT-7A`), ताळेबंदाचा `AOC-4` आणि बोज्याचा `CHG-1`. बाकीचे गरज पडेल तसे.

मेमोरँडमच्या शेवटच्या पानावर पहिल्या भागधारकांची नावं, वडिलांचं नाव, पत्ता, व्यवसाय आणि प्रत्येकाने घेतलेले शेअर असतात. कोकणात एकाच गावात एकाच नाव-आडनावाची चार माणसं असतात, म्हणून वडिलांचं नाव सोन्याच्या मोलाचं. संचालकाला आयुष्यभरासाठी एकच क्रमांक मिळतो, त्यामुळे त्याच्या इतर कंपन्या खात्रीने जोडता येतात. नुसत्या भागधारकाला तसा क्रमांक नसतो. तिथे नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं धरू नका.

आपल्या कंपनीत २०१८ साली दहा हजार शेअर होते, प्रत्येकी दहा रुपयांचे. पाच हजार पोराचे, पाच हजार हिशेबनिसाचे. पुढच्या प्रत्येक `MGT-7` मध्येही हेच दोघे, हेच आकडे. म्हणजे कागदावर पोरगा निम्म्याचा मालक. गावचं म्हणणं खरं ठरलं, असं वाटायला लावणारी हीच जागा आहे.

ताळेबंद उघडा

`AOC-4` सोबतचा ३१ मार्च २०२० चा ताळेबंद पाहा. भांडवल एक लाख. जमीन तीन कोटी ऐंशी लाखांची. एक लाखाच्या कंपनीने पावणेचार कोटींची जमीन कशी घेतली? ताळेबंदाच्या दोन बाजू जुळाव्याच लागतात, त्यामुळे पैसा कुठून आला हे दुसऱ्या बाजूला कुठेतरी लिहिलेलं असणारच. ते टिपांमध्ये सापडतं : "सक्तीने परिवर्तनीय कर्जरोखे, चार कोटी रुपये".

हे रोखे काय असतात ते थांबून समजून घ्यायला हवं, कारण सगळी मेख इथे आहे. नाव कर्जाचं असलं तरी त्याची परतफेड पैशात होत नाही. ठरलेल्या मुदतीला त्यांचे शेअर होतात. तोवर रोखेधारकाचं नाव भागधारकांच्या यादीत येत नाही. म्हणजे ज्याचा पैसा आहे तो माणूस वर्षानुवर्षं यादीबाहेर राहू शकतो, तेही पूर्ण कायदेशीरपणे.

आता ऑगस्ट २०१९ चा `PAS-3` काढा. हा फॉर्म फक्त शेअरसाठी असतो असा गैरसमज आहे. परिवर्तनीय रोखे दिले तरी तो भरावा लागतो. त्यात कळतं की शंभर रुपयांचे चार लाख रोखे एका एलएलपीला, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी संस्थेला, दिले. सोबतच्या ठरावात अटी आहेत : दहा वर्षांच्या आत एका रोख्याचा एक शेअर. मग साधा हिशेब करा.

```
आजचे शेअर        १०,०००
रोख्यांतून येणारे   ४,००,०००
एकूण             ४,१०,०००
पोराचा वाटा      ५,००० ÷ ४,१०,००० = १.२२ टक्के
एलएलपीचा वाटा   ४,००,००० ÷ ४,१०,००० = ९७.५६ टक्के
```

पन्नास टक्क्यांचा मालक सव्वा टक्क्यावर येतो. बातमीचा गाभा या पाच ओळींत आहे आणि त्यातला प्रत्येक आकडा कंपनीने स्वतः दाखल केलेला आहे.

ठराव जोडलेला नसेल, किंवा त्यात "अटी करारानुसार" एवढंच असेल, तर कंपनीची नियमावली म्हणजे आर्टिकल्स उघडा. रोखेधारकाला संचालक नेमण्याचा हक्क, जमीन विकायला त्याची लेखी संमती, अशी कलमं तिथे घातलेली असतात. कंपनी कायद्याच्या कलम २(२७) मधल्या व्याख्येत बहुसंख्य संचालक नेमण्याचा किंवा धोरण ठरवण्याचा हक्क म्हणजे ताबा, मग तो शेअरमुळे असो, करारामुळे असो की अन्य कुठल्या मार्गाने. त्यामुळे रोखे अजून शेअरमध्ये बदलले नसले तरी असं कलम सापडल्यास आजच्या ताब्याबद्दल बोलता येतं. ते नसेल तर फक्त "पुढे येऊ घातलेला वाटा" असं म्हणा. या दोन्हींत मोठा फरक आहे.

एलएलपीच्या पलीकडे

एलएलपीचे कागदही त्याच पोर्टलवर आहेत. तिचं वार्षिक विवरणपत्र `Form 11` आणि हिशेबाचं `Form 8`. `Form 11` मध्ये भागीदार आणि प्रत्येकाची वर्गणी मिळते. आपल्या उदाहरणात एकूण वर्गणी एक लाख, त्यातले पंच्याण्णव हजार मुंबईच्या एका कंपनीचे आणि पाच हजार एका व्यक्तीचे.

इथे एक अडचण येते. एलएलपीत नफा आणि मताचे हक्क वर्गणीप्रमाणेच असतील असं नाही. ते भागीदारी करारात ठरतात, आणि एलएलपी कायद्याच्या कलम ३६ मध्ये लोकांसाठी खुल्या कागदांची जी यादी आहे तिच्यात हा करार नाही. पंच्याण्णव टक्के वर्गणीवाल्याकडे करारात दहाच टक्के मतं असू शकतात. म्हणून लिहिताना "वर्गणीत पंच्याण्णव टक्के" असंच लिहा आणि कराराबद्दल थेट प्रश्न विचारा.

मुंबईच्या कंपनीचा `MGT-7` उघडला की भागधारकांची यादी येते : एका व्यक्तीकडे साठ टक्के, तिच्या नातेवाइकाकडे चाळीस. ही व्यक्ती सड्यावरच्या कंपनीत संचालक नाही, भागधारक नाही, गावात कोणी तिचं नाव ऐकलेलं नाही.

आता पुन्हा आकडा, आणि इथे नेहमी घोळ होतो. साखळीतले वाटे एकमेकांना गुणले तर ९७.५६ टक्के गुणिले ९५ टक्के गुणिले ६० टक्के, म्हणजे सुमारे ५५.६ टक्के. हा पैशातला वाटा झाला : एलएलपीत नफा वर्गणीप्रमाणेच वाटला जातो असं धरलं, तर जमीन विकून शंभर रुपये नफा झाल्यास त्यातले साधारण छप्पन्न तिच्याकडे पोचतील. ताबा असा गुणून मिळत नाही. तो पायरीपायरीने पाहायचा. मुंबईच्या कंपनीत साठ टक्के मतं म्हणजे तिथला साधा ठराव तिच्या हातात. एलएलपीत त्या कंपनीचा शब्द चालत असेल, तर रोख्यांचे शेअर झाल्यावर एलएलपीची सगळीच्या सगळी ९७.५६ टक्के मतं या व्यक्तीच्या म्हणण्याप्रमाणे पडतील. छप्पन्न टक्के वाटा आणि जवळजवळ पूर्ण ताबा, दोन्ही एकाच वेळी खरे असतात. खालच्या कंपनीत विशेष ठरावाला पाऊणशे टक्के मतं लागतात, तीही यात आली.

अशा माणसाची नोंद कायद्याने करायची असते. कंपनी कायद्याच्या कलम ९० खाली, अप्रत्यक्षपणे दहा टक्के किंवा त्याहून जास्त हक्क असलेल्या व्यक्तीने कंपनीला कळवायचं आणि कंपनीने `BEN-2` भरायचा. त्या नियमांत सक्तीने परिवर्तनीय रोखे शेअरच धरले जातात, त्यामुळे "अजून रोखेच आहेत" ही सबब चालत नाही. यादीत `BEN-2` किंवा दुसऱ्याच्या वतीने शेअर धरल्याचा `MGT-6` दिसला तर आधी तो वाचा. दिसला नाही तर "नोंद केलीच नाही" असं लिहू नका, कंपनीला विचारा.

स्वतंत्र खुणा

एका साखळीवर बातमी उभी करू नये. दुसऱ्या दिशेने येणारा निदान एक पुरावा हवा. माझ्या मते त्यातला सर्वांत भक्कम बोज्याच्या कागदात असतो. २०२१ मध्ये या कंपनीने बँकेकडून अडीच कोटी घेतले. `CHG-1` ला जोडलेल्या करारात जामीनदारांची नावं आहेत : मुंबईची कंपनी आणि तीच साठ टक्केवाली व्यक्ती, वैयक्तिक हमीसह. वाडीतल्या पोराची हमी बँकेने घेतलेलीच नाही. अडीच कोटी देताना बँक खरा धनी कोण ते पाहते आणि त्याचीच सही मागते.

दुसरी खूण पत्त्याची. नोंदणीकृत कार्यालय बदलल्याच्या `INC-22` ला वीजबिल आणि जागामालकाचं संमतीपत्र जोडलेलं असतं. बिल कोणाच्या नावावर आहे ते पाहा. मात्र दोन कंपन्यांचा पत्ता एक आहे एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. सनदी लेखापालाच्या एका खोलीच्या पत्त्यावर अनेक कंपन्या नोंदलेल्या असतात. लेखापरीक्षक एकच असणं हीसुद्धा तितकीच दुबळी खूण. जागेचा मालक, जामीनदार आणि वरच्या कंपनीचा भागधारक एकच निघाले, तर त्याला वजन येतं.

काय सुटू शकतं

खाजगी कंपनीत शेअर एकाने दुसऱ्याला विकले तर त्याचा फॉर्म निबंधकाकडे जात नाही. तो बदल पुढच्या `MGT-7` मध्येच दिसतो, म्हणजे कधीकधी दीड वर्षाने. छापायच्या आधी ही फट बुजवायचा एक मार्ग आहे. कलम ९४ प्रमाणे सभासदांची नोंदवही नोंदणीकृत कार्यालयात कोणालाही पाहता येते. बाहेरच्या माणसासाठी फी एका वेळेला जास्तीत जास्त पन्नास रुपये, नकलेला पानामागे दहा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दार उघडलं नाही तर तारीख, वेळ आणि कोण भेटलं ते लिहून ठेवा.

साखळी परदेशी कंपनीशी पोचली तर त्या देशाच्या नोंदीवर सगळं अवलंबून राहतं. ब्रिटनमध्ये पंचवीस टक्क्यांवरच्या नियंत्रकाची नोंद फुकट दिसते, अनेक देशांत काहीच दिसत नाही. आणि ज्याने पैसे रोखीने दुसऱ्याच्या हातात ठेवून शेअर घ्यायला लावले, तो या कागदांत कुठेच नसतो.

विचारणं आणि लिहिणं

सगळ्यांना प्रश्न लेखी पाठवा, आकड्यांसह, आणि उत्तराला पुरेसा अवधी द्या. पोराला मात्र समोरासमोर भेटा, कागद घेऊन, घाई न करता. त्याला रोख्यांचा ठराव माहीत नसण्याची शक्यता मोठी असते. "सही कर म्हणाले, केली," हे मी एकाहून अधिक घरांच्या पडवीत ऐकलं आहे. त्याला हेही कळायला हवं की कंपनीने सलग तीन वर्षं विवरणपत्रं भरली नाहीत तर कलम १६४ खाली संचालक म्हणून तो पाच वर्षं अपात्र ठरतो. तो आरोपी आहे असं धरून त्याच्या अंगणात जाऊ नका.

लिहिताना "मालक" हा शब्द शक्यतो टाळा. या उदाहरणात मी असं लिहीन : "निबंधकांकडच्या नोंदींनुसार, जमीन घेण्यासाठीचे चार कोटी एका एलएलपीकडून परिवर्तनीय रोख्यांतून आले. त्या एलएलपीत पंच्याण्णव टक्के वर्गणी असलेल्या कंपनीचे साठ टक्के शेअर अमुक व्यक्तीकडे आहेत. कंपनीच्या बँक कर्जाला याच व्यक्तीची वैयक्तिक हमी आहे." पॅन, घरचा पत्ता, नातेवाइकाचं वय यातलं काहीही छापायची गरज नाही.

बातमी छापून झाली तरी वहीत एक नोंद ठेवा. दहा वर्षांच्या अटीने हे रोखे उशिरात उशिरा ऑगस्ट २०२९ पर्यंत शेअर होतील आणि तेव्हा नवा `PAS-3` दाखल करावाच लागेल. तोवर दर वर्षाच्या अखेरीस शंभर रुपये भरून यादी पुन्हा उघडायची आणि पोराचे पाच हजार शेअर अजून त्याच्याच नावावर आहेत का, ते पाहायचं.